डिक्लेअर्ड व्हॅल्यू १४,७०० लिहिली होती, मग कुरिअरवाले २,००० च का देतायत?

सुजाता_नेरूळ

नमस्कार मंडळी. मी नेरूळहून साड्या विकते. दुकान नाही, घरातूनच. फोटो इन्स्टावर, ऑर्डर व्हॉट्सॲपवर. महिन्याला साधारण ४० पार्सलं जातात. बहुतेक १,८०० च्या आसपासच्या सुती साड्या, आणि तीनेक पैठण्या.

गेल्या महिन्यात एक पैठणी नागपूरला पाठवली. बिल १४,७०० चं, म्हणजे १४,००० अधिक ५ टक्के जीएसटी. पोर्टलवर बुकिंग करताना 'डिक्लेअर्ड व्हॅल्यू' असा रकाना असतो, त्यात मी इमानदारीत १४,७०० च भरले. पार्सल भिवंडीच्या हबला पोचलं आणि तिथून पुढे हललंच नाही. अठरा दिवस तेच स्टेटस. आता मेल आलाय की पार्सल 'लॉस्ट', करारानुसार कमाल भरपाई २,००० रुपये, 'फुल अँड फायनल' म्हणून उलट मेलने मान्यता कळवा.

मग मी किंमत लिहून दिली ती कशासाठी? आणि पुढे प्रत्येक पार्सलला ते जादा कव्हर घ्यायचं का? पोर्टल दीड टक्का मागतंय. गिऱ्हाईक बिचारी चांगली आहे, पण पुतणीचं लग्न तोंडावर आलंय, रोज फोन असतो.

कोपरीचा_बंड्या

ताई, अजिबात मान्यता देऊ नका. कायदा तुमच्या बाजूने आहे. रस्त्याने माल नेणाऱ्यांसाठी २००७ चा कायदा आहे, त्यात कुरिअरवालेही येतात. भाड्याच्या दहापट भरपाई द्यावीच लागते. मी स्वतः वाचलंय. त्यांना हे कलम टाकून मेल करा, कशी पळापळ होते बघा.

डॉकेटवाले_नाना

बंडोपंत, कलम बरोबर वाचलंत, पण गुणाकार केला नाहीत. सुजाताताई, त्या पार्सलचं भाडं किती होतं?

सुजाता_नेरूळ

१०० रुपये अधिक १८ जीएसटी.

डॉकेटवाले_नाना

मग दहापट म्हणजे हजार. ते तर दोन हजार देतायत. हे कलम दाखवून मेल केलात तर समोरचा पोरगा खूश होईल.

मी तुर्भ्याला एका ट्रान्सपोर्ट कंपनीच्या क्लेम खात्यात २२ वर्षं काढली, हल्ली घरी बसून नातवाचा गृहपाठ घेतो. बंडोपंतांचं कलम खोटं नाही, पण ती दहापट ही वरची मर्यादा आहे, बक्षीस नव्हे. मूळ विचार असा की वाहतूकदार शंभर रुपये भाडं घेतो, त्याला आतल्या मालाचा पत्ता नसतो, म्हणून त्याची जबाबदारी भाड्याच्या हिशेबात बांधून टाकली. ज्याला जास्त हवी त्याने बुकिंगच्या वेळी जास्त किंमत जाहीर करायची आणि त्या जोखमीचं जादा भाडंही भरायचं. दोन्ही केलं तरच. ताईंनी अर्धंच केलंय: किंमत सांगितली, पण त्या किमतीचे पैसे त्यांच्याकडून कोणी मागितलेच नाहीत.

ताई, त्या पार्सलचं पोर्टलवरचं बिल उघडा आणि त्यात किती ओळी आहेत ते सांगा.

सुजाता_नेरूळ

दोनच. फ्रेट १००. जीएसटी १८. बास.

डॉकेटवाले_नाना

तेच. कव्हर घेतलं असतं तर तिसरी ओळ दिसली असती. कुणी त्याला रिस्क चार्ज म्हणतं, कुणी इन्शुरन्स, कुणी आणखी काही गोंडस नाव देतं. ती ओळ नसेल तर डिक्लेअर्ड व्हॅल्यूचा उपयोग दोनच कामांना होतो. एक म्हणजे कागदपत्रांवर मालाची किंमत म्हणून छापायला. दुसरा म्हणजे क्लेम झालाच तर त्याहून जास्त मागता येऊ नये म्हणून. ती किंमत हे छत आहे. छताखाली तुम्हाला किती मिळणार ते करार ठरवतो, आणि तुमच्या करारात ते दोन हजार आहे.

मोठ्या ट्रान्सपोर्टवर आणखी एक खड्डा असतो, तोही सांगून ठेवतो. डॉकेटवर 'ओनर्स रिस्क' आणि 'कॅरियर रिस्क' अशा दोन चौकटी असतात. बुकिंग क्लार्क न विचारता ओनर्स रिस्कवर टिक मारतो, कारण भाडं कमी दिसतं. वर एफओव्ही म्हणून मालाच्या किमतीवर थोडे पैसेही लावतो. पार्टीला वाटतं, एफओव्ही भरला म्हणजे विमा झाला. तसं नसतं हो! ओनर्स रिस्कवर माल गेला तर कंपनी फक्त सीओएफ देते, म्हणजे माल हरवला किंवा फुटला असं लिहून दिलेलं पत्र. ते घेऊन तुम्ही तुमच्या विमा कंपनीकडे जायचं. विमाच नसेल तर ते पत्र फ्रेम करून लावा. माझ्या टेबलासमोर असे कितीतरी जण सीओएफ हातात घेऊन विचारायचे, 'साहेब, पैसे कधी?'

कोपरीचा_बंड्या

गुणाकार चुकला, मान्य 🙏

पण मग उलटा विचार करा. किंमत लिहून काही मिळतच नसेल तर किंमत ५०० च लिहायची. आमच्या इथे सगळे तेच करतात. चोराला कळत नाही आत काय आहे ते.

डॉकेटवाले_नाना

आणि हरवलं की क्लेमही ५०० चाच! बिल १४,७०० चं आणि जाहीर किंमत ५०० असेल तर दोन्हीतला लहान आकडा धरतात. शिवाय आत ठेवलेल्या बिलाशी आकडा जुळला नाही तर जीएसटीच्या तपासणीत गाडी अडते ती वेगळीच. उलट बाजूनेही तेच. १४,७०० चा माल ३०,००० चा म्हणून लिहिला तर दर तीस हजारांवर भराल, भरपाई मात्र बिलाइतकीच.

प्रदीप_ऐरोली

चांगला धागा. आम्ही पुढच्या महिन्यात पुण्याला शिफ्ट होतोय, वन बीएचके. पॅकर्स अँड मूव्हर्सवाला सामानाच्या किमतीच्या ३ टक्के इन्शुरन्स मागतोय. टीव्ही आणि फ्रिज धरून किती डिक्लेअर करू? जुन्या सोफ्याची किंमत लावायची का?

अनघा_घोडबंदर

प्रदीप, हा धागा विकणाऱ्यांच्या पार्सलचा आहे, पण तुमच्यासाठी एकच सांगते: पैसे देण्याआधी विमा कंपनीचं नाव आणि तुमच्या सामानाचं सर्टिफिकेट मागा. आमच्या बिल्डिंगमध्ये एकांनी ३ टक्के भरले आणि हातात फक्त मूव्हर्सच्या लेटरहेडवरची पावती आली. टीव्ही फुटल्यावर कळलं की विमा उतरवलाच नव्हता.

आता माझं रडगाणं. मी सिरॅमिकचे मग आणि बोल बनवते. सहा महिने प्रत्येक पार्सलला कव्हर घेतलं, कारण फुटण्याचीच भीती. मग एक सेट बंगळुरूला फुटून पोचला, ३,२०० चा. क्लेम टाकला, उत्तर आलं: काच आणि सिरॅमिकची मोडतोड कव्हरमध्ये नाही. त्यांच्या अटींमध्ये खरंच तसं होतं, सातव्या की आठव्या मुद्द्यात. मी हरवण्याचा विमा भरत होते आणि समजत होते की फुटण्याचा भरतेय.

नंतर विमा एजंटकडून स्वतःची पॉलिसी काढायचं बघितलं, ज्यात मोडतोडही येते. तो सरळ म्हणाला, पॅकिंग अपुरं होतं असं सर्व्हेअरला वाटलं तर तिथेही नाहीच. मग ते पैसे मी खोक्यात घातले. आता डबल बॉक्स करते. आतलं खोकं हलवलं तर आवाज येता कामा नये, आणि बाहेरच्या खोक्यात चारी बाजूंनी बोटभर नव्हे, चांगली चार बोटं भर असते. पार्सलमागे ४० रुपये वाढले. पण गेल्या पावसाळ्यानंतर एकच मग फुटलाय.

डॉकेटवाले_नाना

अनघाताईंनी कामाचं सांगितलं. कव्हर घेण्याआधी 'माझं पार्सल बहुतेक कशाने मरतं' हे बघायचं. साडी फुटत नाही. ती हरवते, चोरीला जाते किंवा भिजते. फुटतो तो सिरॅमिकचा मग. भिजणंसुद्धा पॅकिंगवर ढकलता येतं, पावसाळ्यात प्लास्टिकची पिशवी नसेल तर.

सुजाताताई, आता तुमचा हिशेब करू. पैठणी तुम्हाला कितीला पडते? आणि आजवर किती पार्सलं गेली, किती बिघडली?

सुजाता_नेरूळ

पैठणी ११,००० अधिक ५५० जीएसटीला पडली. दोन वर्षांत साधारण ९०० पार्सलं. तीन हरवली (ही धरून), दोन भिजली.

डॉकेटवाले_नाना

९०० मध्ये ५, म्हणजे १८० मध्ये एक.

आता तुमचं खरं नुकसान काढू. १४,७०० नाही. त्यात तुमचा नफा आहे, आणि गिऱ्हाइकाला पैसे परत करून क्रेडिट नोट काढलीत तर विक्रीचे ७०० जीएसटीही सुटतात. खिशातून गेले ११,०००.

हिशेबनीस_नौपाडा

नाना, मध्ये बोलतो. त्यात ५५० धरा. हरवलेल्या, चोरीला गेलेल्या किंवा नष्ट झालेल्या मालावरचा आयटीसी, म्हणजे खरेदीत भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट, घेता येत नाही, जीएसटी कायद्याचं कलम १७(५)(एच). ताईंनी खरेदीवर क्रेडिट घेतला असेल तर तो उलटवावा लागेल. छोटे विक्रेते हे हमखास विसरतात आणि नंतर नोटिशीला उत्तर देत बसतात.

डॉकेटवाले_नाना

धन्यवाद, हे माझ्या लक्षात नव्हतं. मग ११,५५० आणि भाड्याचे ११८. झाले ११,६६८. त्यातून कुरिअरचे २,००० वजा केले की ९,६६८. ताई, तुमचा उघडा राहिलेला भाग एवढाच.

कव्हरचा दर दीड टक्का, म्हणजे १४,७०० वर सुमारे २२० रुपये. वरचा १८ टक्के जीएसटी तुम्हाला क्रेडिटमध्ये मिळतो, म्हणून सोडून देतो. आता ९,६६८ ला २२० ने भागा. ४४ येतात. म्हणजे ४४ पैठण्यांमागे एक जात असेल तरच हे कव्हर पैशाला पैसा वसूल करतं. तुमची जातेय १८० मागे एक.

वर्षाला ३६ पैठण्या धरा. कव्हर ७,९२० रुपये. पाच वर्षांत ३९,६०० भराल, आणि तेवढ्यात पार्सल जाईल सरासरी एक. ९,६६८ चं. सुती साड्यांना तर प्रश्नच नाही. १,८०० ची साडी दोन हजारांच्या आत बसते, तिथे जादा कव्हर म्हणजे छत्रीवर छत्री.

सुजाता_नेरूळ

म्हणजे घेऊच नको म्हणताय? मला उलट वाटत होतं की तुम्ही 'घ्या' म्हणाल.

डॉकेटवाले_नाना

या पैठणीसाठी, या दराने, नको. त्याऐवजी प्रत्येक पैठणीमागे ६०-७० रुपये वेगळ्या डब्यात टाका, गेली की त्यातून भरा. पण एक विचारतो. तुमच्याकडे याहून महाग काही जातं का?

सुजाता_नेरूळ

वर्षातून एक-दोन नवरीच्या पैठण्या, ४५,००० पर्यंत. त्या मला ३६,००० अधिक जीएसटीला पडतात. आणि खरं सांगू, महिन्याला हातात २२-२५ हजारच राहतात.

डॉकेटवाले_नाना

मग तिला घ्या. तिथे सरासरीचं गणित लावू नका. ३६,००० वर ५ टक्के म्हणजे १,८००, झाले ३७,८००. दोन हजार वजा केले तर साधारण ३५,८०० उघडे राहतात, म्हणजे तुमची दीड महिन्याची कमाई. तो विणकराचा पुढचा हप्ता आहे. ६७५ रुपये भरून ती झोप विकत घ्या. पहिली पैठणी गेली तर महिना वाईट जाईल, नवरीची गेली तर धंदा थांबेल. मी पार्ट्यांना हेच विचारायचो: हा माल गेला तर पुढच्या महिन्याचा माल घेता येईल का?

कोपरीचा_बंड्या

नाना, पण एक गफलत आहे. १८० मध्ये एक हा आकडा सगळ्या पार्सलांचा. सुती साड्या कोण चोरणार? महाग पार्सल आतला माणूस ओळखतो. लेबलवर 'Pure Silk Paithani' आणि खाली १४,७०० छापलेलं असतं! पैठण्यांचा आकडा वेगळा काढला तर ४४ मध्ये एकही निघू शकेल.

डॉकेटवाले_नाना

हे मात्र बरोबर बोललात. ताई, हरवलेल्या तिनांत पैठण्या किती?

सुजाता_नेरूळ

दोन 😔 दोन वर्षांत मिळून सत्तरेक पैठण्या गेल्या असतील.

डॉकेटवाले_नाना

मग ३५ मध्ये एक. दोनच घटनांवरून दर ठरवणं धाडसाचं आहे, योगायोगही असेल. पण असाच राहिला तर कव्हर परवडतं, हे मला मान्य करावं लागेल. माझा पहिला सल्ला एवढा ठाम ठेवत नाही.

तोवर एक फुकटचा उपाय: मालाच्या वर्णनात फक्त 'साडी' लिहा. खोटं नाही, पण ओरडूनही सांगत नाही. 'जुने कपडे' किंवा 'पुस्तकं' असलं भलतंसलतं मात्र लिहू नका, त्याने क्लेम मरतो. आणि बिल बाहेरच्या पारदर्शक पाकिटात असेल तर घडी अशी घाला की रक्कम आत राहील.

हिशेबनीस_नौपाडा

वार्षिक ओपन पॉलिसीचं, म्हणजे वर्षभराच्या सगळ्या पार्सलांना मिळून एकाच विम्याचं, कुणी बोलत नाहीये. पोर्टलच्या दीड टक्क्यापेक्षा विमा कंपनीचा दर कितीतरी कमी पडतो.

डॉकेटवाले_नाना

दर कमी, पण किमान हप्ता असतो, आणि महिन्याला चाळीस पार्सलवाल्याला बरेच एजंट दारात उभं करत नाहीत. विचारून बघायला हरकत नाही. तिथे क्लेम करताना एक लक्षात ठेवा: विम्याकडे गेलात तरी कुरिअरला लेखी नोटीस द्यायचीच. विमा कंपनी तुम्हाला पैसे देऊन नंतर कुरिअरकडून वसूल करते. तुम्ही तिचा तो हक्क घालवलात तर ती तुमचे पैसे कापते. नोटिशीची मुदत बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवस आहे, डिलिव्हरीच्या तारखेपासून नाही.

वाशीचा_वकील

उशिरा आलो. सुजाताताई, मूळ प्रश्नाला येतो: २,००० ची मर्यादा कोर्टात टिकते का? भारती निटिंगचा सुप्रीम कोर्टाचा १९९६ चा निकाल कुरिअर कंपन्यांचे वकील नेहमी पुढे करतात. त्यात पाठवणाऱ्याने सही केलेल्या कागदावरची भरपाईची मर्यादा त्याला बांधील धरली होती. तुम्ही पोर्टलवर 'मान्य आहे' दाबलेलं आहे, म्हणजे त्यांची बाजू कच्ची नाही. पण पावतीच्या मागे बारीक अक्षरात छापलेलं, सही न घेतलेलं कलम ग्राहक आयोगांनी बाजूला ठेवल्याचीही उदाहरणं आहेत.

दुसरी अडचण अशी की तुम्ही व्यापारासाठी सेवा घेतलीत, म्हणजे 'ग्राहक' आहात का यावर वाद होणार. स्वयंरोजगारातून उपजीविका ही सवलत कायद्यात आहे आणि तुमची केस त्यात बसेल असं मला वाटतं. ५ लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी नाही. वेळ मात्र जातो.

कोपरीचा_बंड्या

साडेनऊ हजारांसाठी दोन वर्षं?

वाशीचा_वकील

ते ताईंनी ठरवायचं. पण 'फुल अँड फायनल'ला होकार गेला की ठरवण्यासारखं काही उरत नाही. उत्तर असं लिहा की २,००० ही विवादात नसलेली रक्कम म्हणून, हक्क राखून, स्वीकारायला तयार आहे. ते तशी देतील याची खात्री नाही.

डॉकेटवाले_नाना

बहुतेक देणार नाहीत, फाईल बंद झाल्याशिवाय त्यांच्या सिस्टिममधून पेमेंट सुटत नाही. पण सोबत एक मागा: भिवंडी हबचा शेवटचा स्कॅन आणि तिथलं वजन. बुकिंगला ७५० ग्रॅम आणि हबला २०० ग्रॅम निघालं तर ती साडी वाटेत हरवलेली नाही, काढलेली आहे. मग पोलिसांत तक्रार देता येते, आणि तक्रारीची प्रत जोडली की मेलची भाषा जरा बदलते.

सुजाता_नेरूळ

आज मेल केला, वकीलसाहेबांनी सांगितलं तसा, वजनही मागितलं. उत्तर आलं की 'संबंधित विभागाकडे पाठवले आहे'. बुकिंगला ६८० ग्रॅम होतं, ती पावती सापडली.

गिऱ्हाइकासाठी दुसरी पैठणी काढली आणि भाच्याबरोबर पाठवली. तो परवा ठाण्याहून विदर्भ एक्सप्रेसने गेला. सकाळी स्टेशनवरूनच त्या घेऊन गेल्या. ५५० च्या आयटीसीचं हिशेबनीस, तुम्हाला मेसेज करते, ते या महिन्याच्या रिटर्नमध्येच दाखवायचं का पार्सल लॉस्ट म्हटलं त्या तारखेला?

हिशेबनीस_नौपाडा

करा मेसेज. त्यांचा 'लॉस्ट' म्हणणारा मेल पीडीएफ करून ठेवा, तोच तुमचा पुरावा.